पुनव आणि पौर्णिमा

सातवीत असताना मी निबंधात एक वाक्य लिहिलं होतं: 'पुनवेच्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर झोपतो.' बाईंनी 'पुनवेच्या'भोवती लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'पौर्णिमेच्या. शुद्ध लिहा.' वही घरी आणल्यावर आजीने विचारलं, काय चुकलं? मी सांगितलं. पुनव हा तिचाच शब्द होता, मी तिच्याकडूनच उचललेला. ती म्हणाली, "आमचं बोलणं असंच रे, गावठी. तू बाई सांगतात तसंच लिही." मी तसंच लिहायला लागलो. पुढे इंजिनीअरिंग, मग नोकरी. पुनव हा शब्द माझ्या तोंडून गेला तो गेलाच.

तो परत आठवला गेल्या दिवाळीत. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि मी चहा उकळेपर्यंत ते वाचत उभा होतो. एका चौकटीत छापलं होतं, 'बलिप्रतिपदा, दिवाळी पाडवा'. दुसऱ्या चौकटीत, 'यमद्वितीया, भाऊबीज'. ही नावं मी लहानपणापासून वाचत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न पडला, की प्रतिपदेला पाडवा का म्हणतात आणि द्वितीयेला बीज का?

उत्तर शोधल्यावर कळलं, की 'का म्हणतात' हा प्रश्नच चुकीचा होता. पाडवा हे प्रतिपदेचं दुसरं नाव नाही. पाडवा हा प्रतिपदा हाच शब्द आहे. कॅलेंडरवाल्यांनी एकाच चौकटीत एकच शब्द दोनदा छापलाय, एकदा संस्कृतात होता तसा आणि एकदा दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडात राहून जसा झाला तसा. पहिल्याला व्याकरणात तत्सम म्हणतात, दुसऱ्याला तद्भव.

शाळेतली व्याख्या तुम्हाला आठवत असेल. 'तत्' म्हणजे ते, म्हणजे संस्कृत. तत्सम म्हणजे त्याच्यासारखा: संस्कृतातून रूप न बदलता मराठीत आलेला शब्द. पुत्र, कन्या, सूर्य, वृक्ष, हस्त, कर्ण. तद्भव म्हणजे त्याच्यापासून झालेला: मूळ संस्कृत, पण रूप बदललेलं. हात, कान, काम, दूध, सात, आठ. परीक्षेत जोड्या लावा म्हणून येतं, दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. व्याख्येत चूक काहीच नाही. पण रूप 'बदललं' म्हणजे नेमकं कसं बदललं, हे ती सांगत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, की अडाणी लोकांना जोडाक्षरं उच्चारता येत नव्हती, म्हणून त्यांनी शब्द वाकडेतिकडे केले. लाल गोल तिथूनच येतो.

हे शब्द पाहा:

सप्त, सत्त, सात
अष्ट, अट्ठ, आठ
दुग्ध, दुद्ध, दूध
सर्प, सप्प, साप
कर्म, कम्म, काम
अद्य, अज्ज, आज

पहिलं रूप संस्कृत, तिसरं मराठी. मधलं कोणी अंदाजाने भरलेलं नाही. ते प्राकृत आहे, आणि प्राकृतात ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेले आहेत. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही माहाराष्ट्री प्राकृतातली आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या थेट पूर्वजातली. आणि मधलं रूप प्रत्यक्ष कानांनी ऐकायचं असेल तर पंजाबी गाणी लावा. पंजाबीत आजही सत्त, अट्ठ, दुद्ध, अज्ज असंच म्हणतात. मराठी ज्या पायरीवरून पुढे निघून गेली, त्या पायरीवर या शब्दांच्या बाबतीत पंजाबी अजून उभी आहे.

आता दोन्ही पायऱ्या पाहू. पहिल्या पायरीत जोडाक्षरातली दोन वेगवेगळी व्यंजनं एकसारखी होतात: प्त चं त्त, र्म चं म्म, र्प चं प्प. तरी उच्चाराला लागणारा वेळ तेवढाच राहतो. दुसऱ्या पायरीत त्या जोडीतलं एक व्यंजन जातं आणि त्याचा वाचलेला वेळ आधीच्या स्वराला मिळतो. म्हणून सत्त मधला ऱ्हस्व 'स' सात मध्ये 'सा' होतो आणि दुद्ध मधला 'दु' दूध मध्ये 'दू' होतो. दुग्ध ऱ्हस्व आणि दूध दीर्घ का, याचं कारण हे आहे. गेलेल्या 'ग्'ची जागा तो दीर्घ ऊकार भरून काढतोय.

हे झालं जोडीचं. एकटं व्यंजन दोन स्वरांच्या मध्ये सापडलं, तर त्याचं काय होतं? ते झिजतं, बऱ्याचदा पूर्ण नाहीसं होतं. पाद मधला 'द' गेला, पाअ झालं, त्याचा पाय झाला. सूची मधला 'च' गेला, सुई झाली. नगर मधला 'ग' गेला, णअर झालं, आणि ते आपल्या गावांच्या नावांच्या शेवटी 'नेर' होऊन बसलं: अमळनेर, पिंपळनेर, पारनेर. 'प' सहसा पूर्ण जात नाही, त्याचा 'व' होतो: दीप, दीव, दिवा.

म्हणजे सगळ्याचा सारांश एका ओळीत मावतो: जोडी होती तिथे एक वाचलं, एकटं होतं ते झिजलं.

आता पाडवा सोडवून बघू. प्रतिपदा. सुरुवातीच्या 'प्र' मधला र जातो. 'प्रति' मधल्या त चा ड होतो. तोच 'पड' तुम्हाला पडसाद या शब्दात दिसेल, पडसाद म्हणजे मुळात प्रतिशब्द. पुढचा प एकटा आहे, त्याचा व होतो. शेवटचा द एकटा आहे, तो जातो. प्राकृतात रूप मिळतं 'पाडिवआ'. तिथून पाडवा एका पावलावर आहे. बीजही तसंच. द्वितीया मधल्या द्व चा ब होतो, जसा द्वादश चं बारा होताना झाला. मधला एकटा त जातो आणि शेवटच्या 'या'चं 'ज्जा' होतं: बिइज्जा, बीज. तृतीयेची तीज झाली तीही याच वाटेने. दीपावलीतला प व झाला, ल चा ळ झाला आणि दिवाळी आली. कॅलेंडरच्या त्या एका पानावर हे सगळं होतं आणि मी इतकी वर्षं नुसत्या सुट्ट्या मोजत होतो.

हे वाचल्यावर माझ्यातल्या प्रोग्रामरला राहवलं नाही. नियम आहेत म्हणजे ते लिहून काढता येतील. एका शनिवारी मी छोटी स्क्रिप्ट लिहिली: संस्कृत शब्द द्यायचा, नियम एकापाठोपाठ एक चालवायचे आणि मराठी शब्द बाहेर येतो का बघायचं. सप्त, कर्म, सर्प नीट आले. मग मी 'कर्ण' दिला आणि उत्तर आलं 'काण'.

हवा होता कान. आता कान आणि पाणी हे दोन शब्द शेजारी ठेवा. कर्ण मध्ये ण आहे, पण मराठीत कान, म्हणजे न. पानीय मध्ये न आहे, पण मराठीत पाणी, म्हणजे ण. दोघांनी अक्षरांची अदलाबदल केल्यासारखं दिसतं. शब्द 'बिघडतात' असं मानणाऱ्याला इथे पुरावा मिळाला असं वाटेल: बघा, लोकांना न आणि ण मधला फरकच कळत नव्हता.

पण आणखी शब्द गोळा केले तर चित्र वेगळं दिसतं. पर्ण चं पान, सुवर्ण चं सोनं, चूर्ण चा चुना, कर्ण चा कान. या सगळ्यांत प्राकृतात ण्ण अशी जोडी होती: पण्ण, सोण्ण, चुण्ण, कण्ण. सगळ्यांचा मराठीत न झाला. आणि पानीय चं पाणी, भगिनी ची बहीण, जन चा जण, स्थान चं ठाण. इथे न एकटा होता. सगळ्यांचा ण झाला. एकही शब्द दुसऱ्या रांगेत घुसत नाही. न आणि ण मधला फरक लोकांना इतका पक्का कळत होता, की कुठे जोडी होती आणि कुठे एकटं अक्षर होतं, हे जोड्या जाऊन शेकडो वर्षं झाल्यावरही त्यांच्या उच्चारात शिल्लक आहे.

मग माझ्या स्क्रिप्टचं काय चुकलं? क्रम. मी आधी 'ण्ण चा न' हा नियम चालवला होता. कण्ण चं कान झालं. त्यानंतर 'एकट्या न चा ण' हा नियम आला, त्याला समोर कान मधला एकटा न दिसला आणि त्याने त्याचा ण करून टाकला. दोन ओळींची जागा बदलली आणि कान आला, पाणीही आलं. याचा अर्थ इतका सरळ आहे, की मी खुर्चीत थोडा वेळ गप्प बसलो. माझ्या फाइलमधला तो क्रम हा इतिहासातला क्रम होता. एकट्या न चा ण होणं आधी घडून संपलं, मग कधीतरी जोड्या सुट्या झाल्या. कुठल्याही शिलालेखाकडे न बघता, नुसत्या कान आणि पाणी या शब्दांवरून हे कळतं.

ल आणि ळ ची गोष्टही अगदी अशीच आहे. संस्कृतात गल म्हणजे मान, गल्ल म्हणजे गाल. एकटा ल होता त्याचा ळ झाला: गळा. जोडी होती तिथे ल राहिला: गाल. तसंच काल म्हणजे वेळ, त्याचा काळ झाला. आणि कल्य पासून कल्ल झालं, त्याचं काल झालं, म्हणजे कालचा दिवस. आपण 'काल' आणि 'काळ' वेगवेगळे उच्चारतो, त्यामागे ही जोडी आहे.

हे नियम पहिल्यांदा मांडणारे लोक अर्थातच माझ्यासारखे शनिवारी वेळ असलेले नव्हते. तत्सम, तद्भव आणि देशी ही तीन नावं मराठी व्याकरणाहून खूप जुनी आहेत. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा दंडी आपल्या 'काव्यादर्शा'त ती वापरतो, आणि सगळ्या प्राकृतांमध्ये महाराष्ट्रातली प्राकृत श्रेष्ठ मानली जाते असंही तिथे सांगतो. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं सविस्तर व्याकरण लिहिलं. या मंडळींना ही वर्गवारी हवी होती ती कामापुरती. वाचकाला संस्कृत येतंय, त्याला प्राकृत शिकवायचंय. जो शब्द दोन्हीकडे सारखा, त्याला नियम नको, तो तत्सम. जो नियम लावून मिळतो तो तद्भव. आणि जो कुठल्याच नियमाने मिळत नाही तो देशी. तो पाठ करायचा, म्हणून हेमचंद्राने त्यांचा वेगळा कोश केला, 'देशीनाममाला'. यात शुद्ध-अशुद्ध काही नव्हतं. उलट त्यांचं सगळं व्याकरण खर्ची पडलं ते तद्भवांवर.

मराठीत आल्यावर मात्र तत्सम या शब्दाचा अर्थ नकळत सरकला. प्राकृताच्या व्याकरणात तत्सम म्हणजे ज्यात बदलण्यासारखं काही नव्हतं म्हणून जसाच्या तसा राहिलेला शब्द, उदाहरणार्थ देव. आपण आज ज्यांना तत्सम म्हणतो, त्यांत बहुतेक शब्दांत बदलण्यासारखं भरपूर आहे. नगर मध्ये एकटा ग आहे. माता मध्ये एकटा त आहे. प्रधान मध्ये जोडाक्षरही आहे आणि एकटा ध सुद्धा. हे शब्द प्राकृतकाळापासून सतत लोकांच्या तोंडात असते, तर झिजले असते. झिजलेही होते: प्रधान चं प्राकृत रूप पहाण असं मिळतं. तरी आपण प्रधान म्हणतो, कारण आपल्याला तो पहाणकडून मिळालेला नाही. झीज होऊन गेल्यानंतर कोणीतरी तो पुन्हा पोथीतून उचलला.

असं उचलणं वेगवेगळ्या काळांत होत राहिलं. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तद्भव आणि तत्सम शेजारी शेजारी नांदतात. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या कारभारात पेशवा, मुजुमदार अशा फारसी नावांच्या जागी पंतप्रधान, अमात्य अशी संस्कृत नावं आली. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून महापौर आला. रूप बघितलं तर महापौर हात आणि कान यांच्यापेक्षा प्राचीन वाटतो. मराठीतलं त्याचं वय मात्र शंभरही नाही.

हे एका शब्दात बघायचं असेल तर 'भक्त' घ्या. संस्कृतात भक्त म्हणजे वाटून दिलेलं, आणि त्यावरूनच शिजवलेलं अन्नही. क्त चं त्त झालं, भत्त, मग भात. हा सगळ्यात जुना, आई-आजीच्या हातून न थांबता आलेला. मग नंतर कधीतरी तोच शब्द देवाचा भक्त या अर्थाने पुन्हा घेतला गेला, आणि बोलणाऱ्यांनी जोडाक्षर फोडून त्याचा भगत केला. अशा अर्धवट बदललेल्या शब्दांना अर्धतत्सम म्हणतात. रतन, जनम, धरम हे तसेच. आणि तिसरा, लिहिण्यातला भक्त, जसाच्या तसा. एकच शब्द मराठीच्या घरात तीनदा आला, तीन वेगळ्या दारांनी.

माझी स्क्रिप्ट इथपर्यंत चालली आणि मग अडखळली, हेही सांगायला हवं. हस्त चा हात बरोबर, पण हस्तिन् चा 'हाती' हवा होता. मराठीत तो हत्ती राहिलाय, जोडी न सोडता. सप्त चं सात, पण सप्तति चं सातर नाही, सत्तर. लांब शब्दांत आणि शेवटी दीर्घ स्वर असताना जोडी टिकलेली अनेकदा दिसते. देव सारख्या शब्दात तर झिजण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे तो तोंडातोंडी आला की पोथीतून आला, हे नुसत्या रूपावरून सांगताच येत नाही. आणि देशी शब्दांची शाळेतली यादी तर सांभाळूनच वापरावी. काही पुस्तकं त्यात घोडा घालतात, पण तो संस्कृत घोटक शी जोडता येतो. 'देशी' याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो, की पूर्वज अजून सापडलेला नाही.

या वर्गवारीचा आज रोजच्या लिहिण्यात एक उपयोग उरलाय. 1962 साली शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांत ऱ्हस्व-दीर्घ ठरतं ते शब्द तत्सम आहे की नाही यावर. फूल, दूध, जमीन, वकील यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. पण विष, गुण, मंदिर तत्सम, म्हणून संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व. प्रत्यय लागला की जमीनचं जमिनीत होतं, शरीरचं मात्र शरीरातच राहतं. शंका आली की एकदा तपासून बघा: शब्दात जोडाक्षर किंवा स्वरांमधलं एकटं क, ग, त, द, प न झिजता शाबूत आहे का? असेल तर तो बहुधा पोथीतून आलेला तत्सम. हे लक्षण संस्कृतातून आलेल्या शब्दांपुरतंच, फारसी-इंग्रजी शब्दांना ते लागू नाही.

शेवटी मी पुनव स्क्रिप्टमध्ये घातली. पूर्णिमा. र्ण चं ण्ण: पुण्णिमा. ण्ण चा न. म चा व, जसा ग्राम चं गाव आणि नाम चं नाव होताना झाला. पुनिव, पुनव. एकही पायरी चुकली नाही. माझ्या निबंधात आलेला शब्द कान आणि पान यांच्याच रांगेतला होता. पुनवेला लाल गोल करायचा तर कानालाही करायला हवा होता.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजीला हे सांगायचा प्रयत्न केला. प्राकृत वगैरे सोडून दिलं. म्हटलं, "तुझी पुनव मराठीत आधीची आहे. पौर्णिमा मागाहून पोथीतून आली." तिने थोडा विचार केला. म्हणाली, "माझी आजीपण पुनवच म्हणायची." मग विचारलं, "त्या बाईंना सांगितलंस का?"

म्हटलं, नाही. त्यांचा नंबर नाही माझ्याकडे.

"मग तू तरी म्हण," ती म्हणाली, आणि कॅलेंडरचं पान उलटून त्रिपुरी पुनव कधी आहे ते बघायला लागली.